४५ टक्के म्हणजे १३५: बारावीच्या टक्केवारीतला अपूर्णांक आणि अर्ध्या गुणाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच आकडा फिरतो, एकूण टक्केवारी. प्रवेशाच्या वेळी मात्र पुष्कळदा वेगळाच आकडा विचारला जातो. तो कुठून येतो, त्यातला दशांशानंतरचा भाग कोण आणि कसा पूर्ण करतो, हे माहीत नसल्याने दरवर्षी काही मुलं पात्र असून अर्ज करत नाहीत. काही मुलं अपात्र असून महिनाभर आशेवर राहतात. महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखा आणि राज्यातला अभियांत्रिकी प्रवेश हे एकच उदाहरण धरून हा हिशेब पाहू. रीत कळली की ती इतर अभ्यासक्रमांनाही लावता येते.

पहिली पायरी: कोणत्या विषयांची टक्केवारी, ते आधी ठरवा

अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशप्रक्रियेत गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण तिथे पात्रतेसाठी पाहिले जातात. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा एक विषय, साधारणपणे रसायनशास्त्र, या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात. इथे ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक विषयात ४५ असण्याची गरज नाही. गणितात ४० आणि भौतिकशास्त्रात ५० असतील तरी चालतं, तिघांची बेरीज पुरेशी हवी.

एक विद्यार्थिनी धरू, खुल्या प्रवर्गातली. भौतिकशास्त्र ४८, रसायनशास्त्र ४६, गणित ४०, इंग्रजी ६१, मराठी ६८, भूगोल ६३. एकूण ३२६, म्हणजे ६०० पैकी ५४.३३ टक्के. ती आणि तिचे आईवडील निर्धास्त आहेत, कारण ५४ हे ४५ पेक्षा चांगलेच जास्त. पण प्रवेशासाठी मोजायचे आहेत ते तीन विषय: ४८, ४६ आणि ४०. बेरीज १३४, टक्केवारी ४४.६७. ऑनलाइन अर्ज भरताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी डोळ्यांपुढे असते म्हणून लोक तीच लिहून मोकळे होतात.

केंद्रीय मंडळाच्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सीबीएसई एकूण टक्केवारी देतच नाही. पाचपेक्षा जास्त विषय घेतले असतील तर कोणते पाच धरायचे हेही ते प्रवेश देणाऱ्या संस्थेवर सोडतं. त्यामुळे त्या मुलांना पहिल्यापासून स्वतःच बेरीज करावी लागते, आणि खरं तर तीच सवय सगळ्यांना हवी.

दुसरी पायरी: टक्के बाजूला ठेवा, गुण काढा

कटऑफ टक्क्यांत दिलेला असतो म्हणून आपण आपले गुणही टक्क्यांत बदलायला जातो. त्यात भागाकार येतो, दशांश येतात आणि ‘पूर्ण करायचं का’ हा वाद सुरू होतो. उलट केलं तर वाद बराचसा मिटतो. कटऑफच गुणांत बदलायचा. ३०० चे ४५ टक्के म्हणजे १३५. ३०० चे ४० टक्के म्हणजे १२०. आपली बेरीज १३५ किंवा जास्त असेल तर पात्र, १३४ असेल तर एक गुण कमी. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, ते झाले १५०. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत पाच विषयांत ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. त्यातला ७५ टक्क्यांचा आकडा ५०० पैकी ३७५ होतो. ३७४ म्हणजे ७४.८०.

शाळेच्या किंवा कॉलेजच्या कार्यालयात एक्सेलमध्ये यादी करत असाल तर हीच तुलना तिथेही करा. बेरीज `A2` मध्ये असेल तर सूत्र असं:

```
=A2*100>=45*300
```

उत्तर `TRUE` किंवा `FALSE` येतं, अधलंमधलं काही नाही. टक्केवारीचा रकाना करून त्यात दशांश लपवले, तर ४४.६७ ही संख्या पडद्यावर ४५ दिसते. ते फक्त दाखवणं असतं, आतली संख्या ४४.६७ च राहते. अशी छापील यादी पाहून ‘सर, माझे ४५ आहेत’ म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना यादीनेच तसं सांगितलेलं असतं.

दोन दशांशांची भीती का बाळगू नये

गुणपत्रिकेवरची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत असते. ३२६ ला ६०० ने भागून १०० ने गुणलं तर ५४.३३३३… असं न संपणारं उत्तर येतं, मंडळ ५४.३३ छापतं. १३४ चं ४४.६६६६… येतं, ते ४४.६७ होतं. अनेक पालकांना वाटतं की या कापाकापीत आपलं नुकसान झालं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे गुण पूर्ण संख्येत असतात. म्हणून ३०० पैकी बेरजेत एक गुण वाढला की टक्केवारी ०.३३ ने वाढते. दशांशानंतर फक्त .००, .३३ किंवा .६७ हेच येऊ शकतं. ५०० पैकी असेल तर एक गुण म्हणजे ०.२० टक्के, आणि शेवट .००, .२०, .४०, .६० किंवा .८० असतो. ६०० पैकी असेल तर .००, .१७, .३३, .५०, .६७, .८३. आता कटऑफ ४५ असेल, तर त्याच्या लगेच खालची टक्केवारी ६०० च्या हिशेबातही ४४.८३ आहे. दोन दशांशांपर्यंत पूर्ण करताना फरक पडतो तो जास्तीत जास्त ०.००५ चा. तेवढ्याने ४४.८३ ला ४५ करता येत नाही आणि ४५.०० चे ४४.९९ होत नाहीत. म्हणजे छापील टक्केवारीतलं पूर्णांकन कोणालाही पूर्ण टक्क्यातल्या कटऑफच्या आत किंवा बाहेर ढकलू शकत नाही.

खरा प्रश्न निराळा आहे: ४४.६७ ला संस्था सरळ ४५ मानते का?

तिसरी पायरी: नियमात पूर्णांकनाबद्दल काय लिहिलंय ते शोधा

इथे तीन प्रकार भेटतात. पहिल्या प्रकारात नियम स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. यूजीसी नेटसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात आणि ते पूर्णांकन न करता, असं तिथे लिहिलेलं असतं. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या जाहिरातींत तर उदाहरणच देतात: ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारात नियमच सांगतो की अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात धरावा. असं लिहिलेलं असेल तर ४४.६७ चालेल, ४४.३३ चालणार नाही. ३०० पैकी हिशेबात .५० कधी येतच नाही, त्यामुळे अशा नियमाचा फायदा नेमका १३४ वाल्यालाच होतो, १३३ वाल्याला नाही. ५०० पैकी असेल तर ४४.६० पासून पुढे, म्हणजे २२३ आणि २२४ गुणांना.

तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा, कारण नियम गप्प असतो. ‘किमान ४५ टक्के’ एवढंच लिहिलेलं. अशा वेळी पालक म्हणतात, शाळेत आम्हाला शिकवलंय की अर्ध्याच्या वरचं पुढे न्यायचं. सर्वोच्च न्यायालयापुढे हा मुद्दा २०११ मध्ये ओडिशाच्या न्यायिक सेवेच्या परीक्षेच्या निमित्ताने आला होता. उमेदवाराला ७५० पैकी ३३७ गुण होते, म्हणजे ४४.९३ टक्के, आणि नियमात किमान ४५ टक्के होते. नियमात पूर्णांकनाची तरतूद नसेल तर ४४.९३ ला ४५ करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ते प्रकरण भरतीचं होतं, पण गप्प नियमाचा अर्थ लावताना कार्यालयं तोच धागा धरतात. म्हणून माझा सल्ला असा, की पूर्णांकनाचं वाक्य त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत डोळ्यांनी दिसल्याशिवाय स्वतःला पात्र समजू नका. मागच्या वर्षी कोणाला तरी ४४.६७ वर मिळालं होतं, ही ऐकीव माहिती सुविधा केंद्राच्या खिडकीवर चालत नाही.

जुन्या गुणपत्रिकांबाबत एक गंमत आहे. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाच्या बारावीत पर्यावरण शिक्षणाचे ५० गुण धरून एकूण ६५० व्हायचे. ६५० चे ४५ टक्के म्हणजे २९२.५. असे गुण कोणालाच मिळू शकत नाहीत. त्यामुळे तिथे पात्रतेसाठी २९३ लागतात. २९२ वर टक्केवारी ४४.९२ येते, ती कमीच. कटऑफ गुणांत बदलताना अर्धा आला तर तो नेहमी वरच न्यायचा, कारण ‘किमान’ म्हटलं आहे.

चौथी पायरी: तिसरा विषय बदलता येतो का, ते पाहा

उत्तरपत्रिकेच्या मागे लागण्याआधी हे करा, कारण यात पैसे लागत नाहीत आणि वेळही नाही. अभियांत्रिकीच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत, पण तिसऱ्या जागी रसायनशास्त्राऐवजी जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक व्यवसाय विषय असे पर्याय नियमात आहेत. नेमकी यादी त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहायची. रसायनात ४६ आणि जीवशास्त्रात ५५ असलेल्या मुलाचा प्रश्न इथेच सुटतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा सहावा विषय भूगोल आहे, तो या यादीत बसत नाही, म्हणून तिला पुढे जावं लागेल.

तिसरा विषय २०० गुणांचा व्यावसायिक विषय असेल तर सावध राहा. २०० पैकी १०३ मिळाले तर १०० पैकी ते ५१.५ होतात. बाकी दोन विषयांची बेरीज ८३ असेल तर एकूण १३४.५, म्हणजे ४४.८३ टक्के. ३०० पैकी बेरजेत अर्धा गुण सहसा येत नाही, तो आला तर असा येतो.

पाचवी पायरी: अर्धा गुण उत्तरपत्रिकेत शोधा

आता मूळ मुद्दा. गुणपत्रिकेवर अर्धे गुण नसतात, मग अर्ध्या गुणाने पात्रता कशी ठरते? अर्धे गुण असतात ते उत्तरपत्रिकेत. परीक्षक एखाद्या उत्तराला दीड, दुसऱ्याला अडीच देतो. सगळ्या प्रश्नांची बेरीज झाल्यावर शेवटी अर्धा उरला तर तो पुढच्या पूर्ण गुणात धरायची पद्धत आहे. हे पूर्णांकन संपूर्ण पेपरच्या बेरजेवर एकदाच होतं, प्रश्नागणिक नाही. मग त्यात प्रात्यक्षिकाचे किंवा अंतर्गत गुण मिळवले जातात. भौतिक आणि रसायनशास्त्रात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २०.

यातून निघणारी गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. अर्धा गुण वाढवून मिळाला तर गुणपत्रिकेवर कधी पूर्ण एक गुण वाढतो आणि कधी काहीच वाढत नाही. लेखी बेरीज आधी नेमकी २७ असेल आणि अर्धा मिळाला, तर २७½ चे २८ होतात. पण बेरीज मुळात २७½ असेल आणि ती आधीच २८ धरलेली असेल, तर आणखी अर्धा मिळून २८ च राहतात. म्हणजे कोणत्या विषयाचा पाठपुरावा करायचा, हे पूर्ण करण्याआधीच्या बेरजेवरून ठरवायचं. ती बेरीज फक्त उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीवर दिसते.

आपल्या मुलीचे लेखी गुण असे आहेत: भौतिकशास्त्र २७ (प्रात्यक्षिक २१), रसायनशास्त्र २६ (प्रात्यक्षिक २०), गणित २८ (अंतर्गत १२). तिने भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांच्या छायाप्रती मागवल्या असं धरू. गणिताच्या प्रतीवर प्रश्नांची बेरीज २७½ निघाली, म्हणजे तिथे अर्धा गुण आधीच तिच्या पदरात पडलेला आहे. आणखी अर्धा सापडूनही उपयोग नाही, तिथे पूर्ण एक गुण शोधावा लागेल. भौतिकशास्त्राच्या प्रतीवर अ विभागात १२, ब मध्ये ५½, क मध्ये ६½, ड मध्ये ३. बेरीज नेमकी २७. इथे अर्धा गुण पुरेसा आहे.

मग क विभागातली तीन गुणांची गणितं एकेक करून पाहायची. सूत्र, किंमती भरणं, उत्तर आणि एकक असे टप्प्याटप्प्याने गुण असतात. एका गणितात सूत्र बरोबर, किंमती बरोबर, शेवटच्या आकडेमोडीत चूक, आणि गुण दिले दीड. विषयशिक्षकांना ती प्रत दाखवून विचारायचं की टप्प्यांच्या हिशेबाने दोन बसतात का. ते ‘हो’ म्हणाले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्यात अर्थ आहे. गुण दोन झाले तर क विभाग ७, लेखी २७½, गुणपत्रिकेवर २८, विषयात ४९, तिन्हींत मिळून १३५. टक्केवारी ४५.००. अर्ध्या गुणाने ती आत आली.

छायाप्रत हातात आली की आणखी दोन गोष्टी आधी तपासा, कारण त्या वादाच्या नसतात. पानांवरचे गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात बरोबर उतरले आहेत का, आणि एखादं उत्तर, विशेषतः पुरवणीतलं, तपासायचं राहून गेलं आहे का. दीडचा आकडा एक म्हणून उतरलेला असेल तर तो अर्धा गुण शोधायला कोणाचं मत लागत नाही.

सहावी पायरी: अर्जांचा क्रम आणि वेळ

मंडळाकडे तीन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरं पाहिली जातात, उत्तरांना नव्याने गुण दिले जात नाहीत. छायाप्रत म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात उत्तर पुन्हा तपासलं जातं, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे. तिन्हींचे अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतात, निकालानंतर ठरावीक दिवसांतच, आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत छायाप्रत मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणून वरच्या उदाहरणासारखी अर्ध्या गुणाची केस असेल तर नुसती पडताळणी मागून थांबू नका. निकालाच्या आठवड्यातच छायाप्रतीचा अर्ज टाका. कोणत्या विषयात अर्धा पुरेसा आहे हे आधी कळत नाही, त्यामुळे परवडत असेल तर तिन्ही विषयांच्या प्रती मागवणं शहाणपणाचं. हातात एकच प्रत घेण्याइतके पैसे असतील तर ज्या विषयाचे गुण शिक्षकांना आणि मुलाला स्वतःला अनपेक्षितपणे कमी वाटतात, तो निवडा.

इकडे प्रवेशप्रक्रिया मंडळासाठी थांबत नाही. नोंदणीची मुदत संपण्याआधी अर्ज भरा आणि त्यात गुणपत्रिकेवर आज असलेलेच गुण लिहा, अपेक्षित गुण नाहीत. मंडळाने गुण बदलून दिले की बदललेली गुणपत्रिका लगेच सुविधा केंद्रात दाखवून नोंद करून घ्यायची. हा बदल पुढच्या फेरीपासून धरला जातो, झालेल्या फेरीत मागे जाऊन जागा मिळत नाही. त्यामुळे गुणपत्रिका घेऊन घरी आनंद साजरा करत चार दिवस घालवले, तर तेवढ्यात एक फेरी हातची जाऊ शकते.

अकरावीच्या प्रवेशाची तुलना पुष्कळजण इथे करतात, म्हणून दोन ओळी. तिथे दहावीच्या सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० पैकी गुण धरतात आणि कॉलेजचा कटऑफ म्हणजे त्या फेरीत शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण. कटऑफ ४६२ असेल तर ४६१ वाल्याचे ९२.२० टक्के ९२.४० शी पूर्ण करून जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. त्या कटऑफला कोणतीही किमान अट नसते, पुढच्या फेरीत तो खालीही येऊ शकतो. अभियांत्रिकीच्या ४५ चं तसं नाही. सीईटीत ९५ पर्सेंटाइल असले आणि तीन विषयांची बेरीज १३४ राहिली, तर शेवटच्या फेरीतही ती १३४ च असते. मग उरतो तो पुरवणी परीक्षेचा किंवा श्रेणीसुधारचा मार्ग. त्यात तीन विषयांपैकी ज्यात सहज वाढ होईल तो विषय घ्यायचा, आणि नव्या गुणपत्रिकेची तारीख प्रवेशाच्या कागदपत्रांच्या मुदतीत बसते का हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्यायचं.